जोडावरची वेल

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका डिजिटल प्रिंटच्या कारखान्यात कुणाच्या शर्टावर वरणाचा डाग पडला, तर बाकीचे त्याला म्हणायचे, "गोपालभाईसमोर जाऊ नको, नापास करतील." गोपाल बोरसेची ओळख सांगायला एवढं पुरे आहे. ही थट्टा त्याच्या कानावर यायची आणि त्याला ती मनापासून आवडायची. आवडत नाही असं तो दाखवायचा, ते वेगळं.

शिंदखेड्याकडून अठराव्या वर्षी सुरतेत आलेला हा माणूस. आधी हातछपाईच्या टेबलावर रंग ओढला, मग फिल्मवर डिझाइन उतरवायचं काम शिकला, मग कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा माऊस हातात घेतला. आता सेहेचाळीस वर्षांचा होता. व्यापाऱ्याकडून साडीच्या डिझाइनची फाईल आली की ती छापायच्या आधी गोपाल स्क्रीनवर मोठी करून तसूतसूनं बघायचा. कुठे रंगाचा कण सांडलेला, कुठे फुलाची पाकळी अर्धीच पुसलेली, कुठे पट्टी वाकडी. सगळं नीट असेल तर जॉब कार्डावर सही. त्या सहीशिवाय खाली एकही मशीन चालू होत नसे. शेठ स्वतः घाईत असला तरी दारात उभा राहून विचारायचा, "गोपालभाई, थयुं?" आणि गोपाल मान न वळवता म्हणायचा, "पाच मिनिट." हे पाच मिनिट म्हणणं हीच त्याची खरी मिळकत होती. डिंडोलीचं दोन खोल्यांचं घर, मुलीचं लग्न, हे सगळं होऊनही त्याला स्वतःचा अभिमान वाटायचा तो त्या खुर्चीत बसून शेठला थांबवताना.

माणूस वाईट नव्हता. आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं वाचून कुणाचंही मत फिरेल.

हर्षदाला त्या कारखान्यात त्यानंच आणलं. हर्षदा ही हिलालची मुलगी. हिलाल आणि गोपाल एकाच टेबलावर समोरासमोर उभे राहून रंग ओढायचे. हर्षदाच्या आईचं माहेर गोपालच्या गावचं, म्हणून पोरगी त्याला मामा म्हणायची. तिनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि हिलालनं शब्द टाकला. गोपालनं शेठला सांगून तिला आपल्या शेजारच्या टेबलावर बसवलं आणि जीव लावून शिकवलं. रंग कसा तपासायचा, पदर कसा मोजायचा, साडीच्या काठाशी नजर कशी लावायची. एक गोष्ट मात्र त्यानं शिकवली नाही. मुद्दाम नाही, पण विसरूनही नाही.

ती गोष्ट अशी. साडीवरची नक्षी सलग दिसत असली तरी ती सलग नसते. एक चौकोन काढलेला असतो, त्याला रिपीट म्हणतात, आणि तोच चौकोन एकापुढे एक लावत साडी भरतात. जिथे एक रिपीट संपतो आणि दुसरा सुरू होतो तो जोड. गोपालची फाईल उघडल्यावरची पहिली नजर जोडावर जायची. बाकीचे सगळे फुलं बघत बसायचे, हा सांधे बघायचा. फिल्मच्या काळापासूनचा त्याचा अनुभव होता की जोड धड असेल तर अर्धी फाईल धड असते. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येक कारागीर एवढं तरी राखून ठेवतोच, असं तो स्वतःला सांगायचा.

मग श्रावणात रसिकशेठ कुठल्याशा प्रदर्शनाला जाऊन आला आणि येताना डोक्यात नवं खूळ घेऊन आला. म्हणे चित्र वाचणारी एआय मॉडेलं निघाली आहेत. फाईल पाठवायची, चूक कुठे ते विचारायचं, उत्तर मिळतं. "कौन करेगा?" त्यानं विचारलं. गोपालनं मान खाली घातली. हर्षदा म्हणाली, "मी करून बघते."

शेठनं त्यावर महिन्याभराची परीक्षा लावली. दोघांनी प्रत्येक फाईल वेगवेगळी तपासायची, आपापल्या वहीत चुका लिहायच्या, संध्याकाळी त्या ताडून बघायच्या. "मशीन चोखी निकली, तो गोपालभाई, आपको नीचे फोल्डिंग में देंगे. वहाँ भी नजर चाहिए ना." शेठ हे हसून म्हणाला. फोल्डिंग म्हणजे छापून आलेलं कापड घडी घालायचं खातं. तिथे गोपालसाठी शेठला थांबावं लागणार नव्हतं, आणि वरची खुर्ची, सही, ते पाच मिनिट, सगळं हर्षदाकडे जाणार होतं.

पहिला आठवडा गोपालनं सुखात घालवला. हर्षदानं साडीची अख्खी फाईल पाठवली की मॉडेलचं उत्तर यायचं, 'सुंदर वेलबुट्टीची नक्षी आहे, रंगसंगती आकर्षक आहे, कोणताही दोष दिसत नाही.' एका फाईलच्या पदरावर काळा ठिपका होता, दुसरीत चार फुलांना देठच नव्हते. मॉडेलला सगळंच सुंदर. गोपालनं वहीत तीन दिवसांत पाच चुका नोंदवल्या आणि चौथ्या दिवशी सगळ्यांना लोचो खाऊ घातला. कारण विचारलं तर म्हणाला, "असंच." हर्षदानंही दोन घास खाल्ले. तिला कारण कळलं होतं.

दुसऱ्या सोमवारी ती वही घेऊन त्याच्याकडेच आली. "मामा, मला कळलं का दिसत नव्हतं ते."

"का?"

"मी डिटेलचं सेटिंग लो ठेवलं होतं, म्हणजे कमी बारकाईचं." तिनं कागदावर लांबट आयत काढला. "आपली साडी बत्तीस हजार चारशे पिक्सेल लांब, सहा हजार सहाशे रुंद. लो ठेवलं की आपण वापरतो ती सेवा अख्खी साडी आक्रसून पाचशे बारा पिक्सेलात बसवते, मगच मॉडेलला दाखवते. त्रेसष्ट पिक्सेलांचा मिळून एक. त्यात ठिपका काय, देठ काय, सगळं विरघळून जातं. ते खोटं नव्हतं बोलत. त्याला जेवढी साडी दिसत होती तेवढी खरंच सुंदर होती."

गोपालला हे ऐकून आतून फार बरं वाटलं. वरवर म्हणाला, "मग आता?"

"आता हाय ठेवते. हायमध्ये चित्राचे चौकोनी तुकडे करतात, प्रत्येक तुकडा जवळून बघतात, आणि सोबत अख्ख्या चित्राची एक छोटी प्रतही देतात. म्हणजे कुठला तुकडा कुठला हेही मॉडेलला कळतं."

गोपालचं बरं वाटणं तिथेच संपलं. पण हाय ठेवूनही गाडी अडली. मंगळवारी एका साडीच्या काठावर रंगाचा टवका उडालेला होता, मॉडेलला तो दिसला नाही. हर्षदा दिवसभर त्या सेवेची माहिती वाचत बसली. संध्याकाळी तिनं पुन्हा कागद आणला. तुकडे करण्याआधीच ती सेवा मोठं चित्र आपल्या मापात आक्रसून घेते. लांब बाजू दोन हजार अठ्ठेचाळीसवर आणते आणि मग पाचशे बाराचे तुकडे पाडते. साडीसारख्या लांबट चित्राचे त्यातून फक्त चार तुकडे निघतात. सोळा पिक्सेलांचा अजूनही एकच.

"म्हणजे हाय म्हणजे सगळंच दिसतं असं नाही," ती म्हणाली.

"नावं मोठी ठेवतात," गोपाल म्हणाला आणि वहीत टवक्याची नोंद ठळक अक्षरात केली. त्या आठवड्यात त्याला झोप छान लागत होती.

आणि मग तिनं ते केलं. चित्र पाठवायच्या आधी आपणच कापायचं. साडीचे साडेचारशे तुकडे, एकेक तुकडा सातशे वीस पिक्सेल लांब, सहाशे साठ रुंद. एवढा छोटा तुकडा सेवेच्या मापात आधीच बसतो, त्यामुळे तो आक्रसावा लागत नाही. जसा आहे तसा वाचला जातो. साडेचारशे वेळा प्रश्न, साडेचारशे उत्तरं, आणि शेवटी सगळ्या उत्तरांचा एक तक्ता. खर्च वाढला म्हणून शेठनं कपाळाला आठी घातली, पण तिसऱ्याच दिवशी ती आठी गेली. एका निळ्या साडीत पानाच्या आत पानाच्याच रंगाहून जरासा गडद असा एक ठिपका होता. मॉडेलनं तो पकडला. दोनशे अकरावा तुकडा, उजवा वरचा कोपरा. गोपालच्या वहीत त्याची नोंद नव्हती.

शेठनं दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. मग हर्षदाच्या पाठीवर थाप मारली. "शाबाश, बेटा."

आता ह्याला काय म्हणायचं? गोपालला अठ्ठावीस वर्षांत कुणी पाठीवर थाप मारली नव्हती. त्याला लोक मानायचे, त्याच्यासाठी थांबायचे, पण थाप नाही. त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी थांबेना. डब्यातली वांग्याची भाजी तशीच राहिली. समोर हर्षदा फोनवर बापाला सांगत होती, "अण्णा, शेठ खूश झाले," आणि पलीकडून हिलालचा मोठा आवाज अख्ख्या खोलीला ऐकू येत होता. हिलालनं फोन गोपालला द्यायला सांगितला. "गोपाल, तुनामुळे पोरनं नाव काढं रे भो!" गोपाल म्हणाला, "हा, हा," आणि फोन परत दिला. त्याला हिलालचाही राग आला. रंग ओढताना हिलालचा हात नेहमी जड पडायचा, रंग पसरायचा, आणि आज त्याच हिलालची पोरगी आपल्या डोळ्यांतून सुटलेलं पकडत होती.

पुढचे चार दिवस तेच. मॉडेल सहा पकडतंय, गोपाल पाच. एकदा दोघे बरोबरीत. गोपालनं चष्म्याचा नंबर तपासून घेतला, नवी काच बसवली. मॉडेलला चष्मा लागत नव्हता. हर्षदा त्याच्याशी पहिल्यासारखीच वागायची, आणि हेच त्याला सर्वांत जास्त झोंबायचं. ती जरा जरी चढेल झाली असती तरी त्याला तिचा राग करायला सोयीचं गेलं असतं.

शेवटी त्यानं एक दिवस गोड आवाजात विचारलं, "कापतेस कशी, जरा दाखव ना."

तिला केवढा आनंद झाला. तिनं खुर्ची ओढून त्याला जवळ बसवलं. "हे बघा मामा, जॉब कार्डावर रिपीटचं माप असतंच. ह्या साडीचा रिपीट छत्तीसशे पिक्सेल, असे नऊ. मी एका रिपीटचे लांबीत बरोबर पाच भाग करते. म्हणजे पहिल्या रिपीटचा पहिला तुकडा आणि दुसऱ्या रिपीटचा पहिला तुकडा अगदी सारखा यायला हवा. नाही आला तर चूक. मॉडेल चुकलं तरी माझा तक्ता पकडतो."

हुशार होती पोरगी. गोपालनं स्क्रीनवरच्या पांढऱ्या रेघांची जाळी बघितली, आणि त्याला ते दिसलं. तिची प्रत्येक पाचवी रेघ बरोबर जोडावर पडत होती. जोडाच्या अलीकडची बाजू एका तुकड्यात, पलीकडची दुसऱ्या तुकड्यात, आणि प्रत्येक तुकड्याचा प्रश्न वेगळा. एका तुकड्याला शेजारच्याची काही खबर नाही. वेलीचं पान जोडावर घसरलं असेल तर अर्धं पान ह्या तुकड्यात ठीक दिसेल, उरलेलं अर्धं त्या तुकड्यात ठीक दिसेल. आणि सगळे रिपीट एकसारखेच घसरलेले असणार, म्हणून तक्त्यालाही फरक सापडणार नाही. जोडावरची चूक ह्या पोरीला आणि तिच्या मॉडेलला कधीच दिसणार नव्हती.

"छान आहे," गोपाल म्हणाला. "फार छान." आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसला. त्या दिवशी त्यानं डबा पूर्ण खाल्ला.

महिना संपायला सहा दिवस उरले होते. त्या मंगळवारी गोपाल नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी आला. बारडोलीच्या एका व्यापाऱ्याची लग्नसराईची ऑर्डर रात्री मेलवर आलेली होती. नऊशे साड्या, एकच डिझाइन, शुक्रवारी माल द्यायचा. गोपालनं फाईल उघडली. लालसर जमिनीवर सोनेरी वेल, लांबच लांब धावणारी. नजर पहिल्या जोडावर नेली. वेल तिथे घसरलेली होती. बारा पिक्सेल, म्हणजे कापडावर दोन मिलिमीटर. स्क्रीनवर बारीक पायरी दिसत होती, पण साडी नेसून बाई चालली की आठ ठिकाणी वेल तुटलेली दिसणार. दुसरा जोड बघितला, तिसरा बघितला. सगळीकडे तेच.

खरं तर त्याच्या हातात जिंकण्याचा पत्ता आला होता. वहीत लिहायचं, संध्याकाळी मॉडेलची वही कोरी निघणार, शेठसमोर मान ताठ. त्यानं पेन उचललंही. पण मग त्याला मागचा महिना आठवला. त्यानं ठिपका दाखवला, तिनं लो सोडून हाय केलं. त्यानं टवका दाखवला, तिनं तुकडे केले. प्रत्येक वेळी हा संध्याकाळी जिंकायचा आणि सकाळपर्यंत ती पुढे गेलेली असायची. आज जोड दाखवला तर उद्या ती कापणी सरकवेल, आणि मग ह्याच्याकडे राखून ठेवलेलं काहीच उरणार नाही. आपणच तिला शिडी लावतोय आणि आपणच खाली उभे आहोत, असं त्याला वाटलं आणि त्याचा तिळपापड झाला.

पण आपण नसलोच तर? फाईल एकट्या मॉडेलच्या भरवशावर खाली जाईल. नऊशे साड्या छापून येतील. मग शेठच म्हणेल, बंद करा हे खूळ.

त्यानं फाईल बंद केली. साडेनऊला हर्षदा आली तेव्हा तो पोट धरून बसला होता. "हर्षदा, पोट फार दुखतंय गं. घरी जातो." ते अगदीच खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

"मामा, रिक्षा करून देऊ का?"

"नको. बारडोलीची फाईल आली आहे. तू बघून घे, साफ असेल तर सहीही तूच कर."

दोन दिवस तो घरी बसला. बायको जयश्रीनं पहिल्या दिवशी ओवा दिला, दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे नीट बघितलं. हा माणूस दोन वेळ व्यवस्थित जेवत होता आणि दर तासाला घड्याळ बघत होता.

"दोन दिन व्हयनात, पोट दुखस ते भाकरी कशी जास?" तिनं विचारलं.

"तुले काय करनं शे?"

"माले काही करनं नही. हर्षदाना फोन उना व्हता दोनदा. तुमनी तब्येत इचारत व्हती."

"मग सांगं काय तू?"

"झोपेल शेतस असं सांगं. खोटं तुम्ही बोलतस आनि पाप मना डोकावर."

गोपाल उठून बाहेर गेला. गल्लीत एकानं विचारलं, कामावर नाही का गेलात, त्याच्यावरही तो खेकसला. त्याच्या डोळ्यांसमोर सारखी मशीनं चालताना दिसत होती. लाल कापड खाली सरकतंय, वेल तुटलेली, तुटलेली, तुटलेली. हर्षदाची मान खाली गेलेली तो मनात बघायचा आणि त्याला बरं वाटायचं. लगेच त्याच मनात ती लहानपणी हिलालच्या खांद्यावर बसून टेबलाशी यायची ते दिसायचं, आणि बरं वाटणं नासायचं. गुरुवारी सकाळी त्याला घरात बसवेना.

कारखान्यात शिरताना त्यानं आधी खालच्या मशीनकडे बघितलं. मशीनवर लाल कापड नव्हतं. मशीन बंद होतं.

वर हर्षदा बसली होती, डोळे सुजलेले. तिनं जॉब कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. सहीची जागा कोरी.

"हे छापलं नाही?" गोपालनं विचारलं.

"मी ओके दिलं नाही. साडेचारशे तुकडे साफ आले, तक्ताही साफ आला. पण नऊशे साड्या आहेत मामा. तुम्ही बघितल्याशिवाय मी कसं पाठवू? शेठ काल दोनदा ओरडले. म्हणाले, मशीन चोखी आहे म्हणतेस आणि सही करत नाहीस, मग मशीन कशाला हवी? मी म्हटलं, मामा येऊ द्या." ती थांबली. "तुमनी तब्येत बरी शे ना आते?"

गोपाल आपल्या खुर्चीत बसला. त्यानं काय काय हिशेब केले होते, आणि ह्या पोरीनं त्याच्यासाठी दोन दिवस शिव्या खाल्ल्या होत्या. आता ते कार्ड त्याच्यापुढे होतं. सही केली तर चूक त्याच्या नावावर जाणार होती. दाखवली तर त्याचं शेवटचं राखून ठेवलेलं जाणार होतं. त्यानं पेन काढलं, टोपण उघडलं, पेन सहीच्या जागेपर्यंत नेलं. मग टोपण लावून टाकलं.

त्यानं फाईल उघडली आणि थेट तिसऱ्या जोडावर नेली. "इथे बघ."

हर्षदा वाकली. दोन क्षण तिला काही दिसलं नाही. मग दिसलं. "वेल घसरली आहे." ती भराभर आपल्या टेबलाशी गेली, तिची जाळी त्या फाईलवर टाकली, आणि तोंडावर हात ठेवला. "माझी रेघ जोडावरच पडते! दोन्हीकडचं अर्धं अर्धं जातं. मामा, मला तुकडे एकमेकांवर चढते घ्यायला हवेत. शेजारच्याचा थोडा भाग ह्याच्यातही आला की जोड कुठल्या तरी एका तुकड्यात अख्खा सापडेल." शिकायला तिला एक मिनिट लागलं. गोपालला अठ्ठावीस वर्षं लागली होती. एवढ्या सगळ्यातही त्याच्या मनात पहिला विचार आला तो हाच.

ती परत त्याच्या स्क्रीनकडे आली. "पण तुम्ही एवढ्या लवकर नेमकं..." आणि बोलता बोलता तिची नजर बाजूला गेली. स्क्रीनच्या डाव्या बाजूला आधी उघडलेल्या फायलींची यादी होती. बारडोलीची फाईल त्यात होती. मंगळवार, नऊ वाजून बारा मिनिटं.

तिनं ते वाचलं. तिनं वाचलं हे गोपालनं बघितलं.

तेवढ्यात रसिकशेठ आला. गोपालला बघून त्याचा चेहरा उजळला. "गोपालभाई! शुं थयुं, ओके?"

"नापास," गोपाल म्हणाला. "जोडावर वेल घसरली आहे."

शेठनं वाकून बघितलं, मग हर्षदाकडे वळला. "आणि मशीनमां?"

"मशीनमां नथी आव्युं, त्याला दिसलंच नाही," हर्षदा म्हणाली.

"जोयुं? बघितलं? नऊशे साडी पाण्यात गेली असती. बस, खूब थयुं. गोपालभाई, खुर्ची तुमची, सही तुमची. हर्षदा, तू ही मशीन बंद कर आणि सोमवारपासून खाली लेबल लावायला जा."

ज्यासाठी महिनाभर जीव जाळला ते सगळं एका वाक्यात गोपालच्या पदरात पडलं. हर्षदाला फक्त त्या यादीकडे बोट दाखवायचं होतं. तिनं दाखवलं नाही. "ठीक छे, शेठ," म्हणाली आणि माऊस हातात घेऊन एकेक खिडकी बंद करायला लागली. ती बोलली असती तर गोपाल भांडला असता, नाकबूल केलं असतं, आवाज चढवला असता. तिच्या न बोलण्याचा त्याला असा काही हेवा वाटला की तो खुर्चीतून उठून उभा राहिला. हे आपल्याला कधी जमलं नसतं, हे त्याला लख्ख कळलं.

"शेठ," तो म्हणाला, "ही चूक मी मंगळवारीच बघितली होती."

शेठला कळलं नाही. "मंगळवारी? मग घरी का गेलात?"

"हिचं मशीन चुकावं म्हणून."

हर्षदाची बोटं माऊसवर थांबली होती. शेठनं गोपालकडे बघितलं, मग कार्डाकडे, मग खिडकीबाहेर. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं कार्ड उचललं आणि हर्षदापुढे ठेवलं.

"मशीन रेहवा दे, बंद नको करू," तो म्हणाला. "तुकडे कसे कापायचे ते सुधार. नापासची सही तू कर. आजपासून तूच कर. गोपालभाई, तुम्ही सोमवारपासून फोल्डिंगमध्ये."

हर्षदानं मामाकडे बघितलं. गोपालनं मान हलवली, कर म्हणून. तिनं पेन घेतलं आणि नापासच्या चौकोनात सही केली. हर्षदा हिलाल पाटील. खाली एक तिरकी रेघ मारली, रेघेखाली दोन टिंबं दिली, आणि शेजारी तारखेच्या आधी वार लिहिला. सुरतेतल्या कुठल्याच कॉलेजात अशी सही शिकवत नाहीत. टेबलावरच्या जुन्या कार्डांचा गठ्ठा तिथेच होता, आणि त्यातल्या प्रत्येक कार्डावर, गोपालच्या नावाखाली, तशीच रेघ होती आणि तशीच दोन टिंबं.

"शाई वाळू दे, मग कार्डाची घडी घाल," गोपाल म्हणाला आणि आपला डबा उचलून जिन्याकडे गेला.